आरशातला रस्ता

पार्लरमध्ये आलेली बाई खुर्चीत बसली की आरशाआधी दाराकडे बघते, हे हुस्नाबानोला धंद्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. रिसोडमधल्या तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं पार्लर. एक लोखंडी खुर्ची, तिच्या पाठीला बांधलेली उशी, नवऱ्याच्या दुकानातून आलेला आरसा आणि उत्तरेकडची खिडकी. बाईला ती खिडकीकडे तोंड करून बसवायची. डोक्यावरच्या बल्बखाली भुवया करायला ती कधीच तयार झाली नाही. वरचा उजेड डोळ्यांखाली खड्डे पाडतो, चांगली तिशीतली बाई आजारी दिसायला लागते, आणि मग ती आरशात बघून उगाच खट्टू होऊन घरी जाते, असं ती म्हणायची. बी.ए.पर्यंत शिकलेली होती, मास्तरीण व्हायचं मनात होतं. पण लग्न झालं, नमरा झाली, आणि अकोल्याच्या खालानं, म्हणजे मावशीनं, शिकवलेला भुवया कोरायचा दोरा हातात आला तो आलाच. गावातल्या सगळ्या घरांतल्या बाया तिच्याकडे यायच्या. बुरख्यातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, कॉलेजच्या पोरी. दार लावलं आणि पडदा सारला की मगच त्यांचे खांदे सैल व्हायचे.

बाईच्या चेहऱ्यावरून तिचं मन ओळखणाऱ्या या हुस्नाबानोला गेले चौदा महिने स्वतःच्या मुलीचा चेहरा मात्र वाचता येत नव्हता.

नमरा अमरावतीला अंतर्गत सजावटीचा डिप्लोमा करत होती. खोलीचं माप घ्यायचं, संगणकावर ती खोली उभी करायची, तिच्यात उजेड सोडायचा आणि भिंत बांधण्याआधीच ती कशी दिसेल याचं चित्र काढायचं, हे तिचं काम. पोरगी हुशार होती. शेवटच्या वर्षी प्रकल्प दाखवताना बाहेरून आलेल्या एका सरांनी चाळीस जणांसमोर तिच्या चित्रातली चूक काढली, वर काहीतरी विनोद केला, आणि सगळा वर्ग हसला. नमरा दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन एसटीनं घरी आली. परत गेली नाही. लॅपटॉप कपाटात गेला. ती जेवायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची. वाशिमच्या डॉक्टरांनी वेळ द्या म्हटलं. हुस्नाबानोनं वेळ दिला, आणि त्याबरोबर घरातला आवाजही कमी केला. नमरासमोर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, कशाला नाव ठेवायचं नाही, असा तिनं नवऱ्याला दम दिला होता. युनूस काचेच्या दुकानात दिवसभर मशीनच्या कर्कश आवाजात असायचा. घरी आला की मांजरासारखा चालायचा.

अशात एका दुपारी अंजू आली.

अंजू वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगावजवळच्या तांड्यावरची. आई लहानपणीच गेलेली, बाप हेमसिंग वर्षातले सहा महिने ऊसतोडीला. सहा वर्षांपूर्वी दोरा धरायला ती हुस्नाबानोकडेच शिकली होती. नंतर वाशिमला मोठ्या पार्लरात काम केलं, आणि आता मालेगावात वाशिम रोडवर एक गाळा घेऊन स्वतःचं पार्लर टाकणार होती.

"आपा, हे पाहा," तिनं मोबाइल पुढे केला. "मोबाइलवर लिहून देल्लं का असं पार्लर पाह्यजे, तर त्यानंच बनवून देल्लं. कसं हाये?"

चित्र झकपक होतं. गुलाबी भिंती, सोनेरी खुर्च्या, चकाकणारे आरसे. हुस्नाबानोनं चष्मा लावला.

"छान हाये. पण काहीतरी खटकून राह्यलं."

पाणी घेऊन आलेली नमरा मागे उभी होती. तिनं ग्लास ठेवला, मान वाकवून बघितलं आणि म्हणाली, "खोलीत तीन खुर्च्या हायेत. आरशात पाच."

नमरानं बोट ठेवलं. "आन् या आरशातल्या खुर्चीले पाठ नाही. हा दिवा खोलीत नाहीच, आरशातच हाये. याच्यावरून सुतार काय बनवणार?"

"मंग तू बनवून दे नं," अंजू सहज म्हणाली. तिला चौदा महिन्यांचं काही माहीत नव्हतं. "तुले येते म्हणतात."

हुस्नाबानो नमराकडे बघायला लागली. नाही म्हणेल, आता आत जाईल, दार लावून घेईल. पण नमरा म्हणाली, "माप घ्या लागन."

तिसऱ्या दिवशी युनूसनं दुकानातली टेप दिली आणि तिघी मालेगावला गेल्या. गाळा दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल होता. दार रस्त्यावर, डाव्या बाजूला. अंजूचं म्हणणं होतं की दार दिवसा उघडं राहिलं पाहिजे, कारण लाइट गेली की आत भट्टी होते. पडदा नको, वाऱ्यानं उडतो. म्हणून दाराच्या चार फूट आत लाकडी आडोसा करायचा, भिंतीला धरून सहा फूट लांब. बाईनं आत यायचं, उजवीकडून आडोशाला वळसा घालायचा, की आडोशामागे डाव्या भिंतीला तीन खुर्च्या आणि त्यांच्यासमोर आरसे. आणि उजव्या भिंतीला एक सलग मोठा आरसा, म्हणजे बाईला स्वतःचे मागचे केसही दिसतील आणि अरुंद गाळा मोठा वाटेल.

"मोठा वाटला पाह्यजे," अंजू तीनदा म्हणाली.

कपाटातून लॅपटॉप बाहेर आला. तो इतका तापायचा की नमरा त्याला दोन उलट्या ताटांवर ठेवून बाजूला टेबलफॅन लावायची. पडद्यावर आधी नुसते ठिपके दिसायचे, मग ठिपके दाट व्हायचे आणि त्यांतून भिंत, खुर्ची, आरशाची कड वर यायची. हुस्नाबानो कांदा चिरता चिरता बघायची. पाहुण्याला बघावं तसं चोरून.

एकदा नमरानं आपण होऊन विचारलं, "अम्मी, अंजूताईले छतात बारा दिवे पाह्यजे. मी खुर्चीत एक बाई बसवली, तर ती भुतासारखी दिसून राह्यली. पाह्य."

पडद्यावरच्या बाईच्या डोळ्यांखाली काळे खड्डे होते आणि नाकाची सावली ओठांवर पडली होती.

"वरचे बंद कर," हुस्नाबानो म्हणाली. "आरशाच्या दोनी बाजूले उभे दिवे लाव. तोंडाच्या उंचीवर. फार पिवळे नको, मेकअपचा रंग कळत नाही. फार पांढरे नको, दवाखाना वाटते."

नमरानं तसं केलं. थोड्या वेळानं पडद्यावरच्या त्याच बाईचा चेहरा भरून आला. खड्डे गेले, गाल सारखे उजळले. "अरे वा," नमरा म्हणाली, आणि हुस्नाबानोला कांद्याचं निमित्त मिळालं म्हणून बरं झालं.

पहिलं चित्र छापून झालं तेव्हा अंजू आपल्या बापाला घेऊन आली. हेमसिंगला सुताराकडे जायचं होतं, म्हणून त्याला चित्र बघायचं होतं. ऊसतोडीत मोळ्या मोजण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं कागद घेतला, उजेडात धरला आणि बोटानं मोजायला लागला.

"एक, दोन, तीन... सात, आठ... पोरी, ह्या अकरा खुर्च्या मांडाच्या कुठी? गाळा हाये का बस स्टँड?"

अंजू खळखळून हसली. "बा, तीनच हायेत! बाकीच्या आरशातल्या. समोरासमोर आरसे हायेत नं, एकाचं दुसऱ्यात दिसते, दुसऱ्याचं पुन्हा पहिल्यात."

"मले कसं कळन कोणती खरी आन् कोणती आरशातली? सुतारालेही नाही कळनार. तो अकरा बनवून ठेवन, मंग बसाले अख्खा तांडा आणतो मी."

युनूसही हसला. हसल्यावर त्याला बायकोनं दिलेला दम आठवला आणि तो एकदम खोकायला लागला.

नमरा हसली नाही. तिनं कागद घेतला, दुमडला आणि म्हणाली, "दुरुस्त करते." आवाज अगदी सपाट. हुस्नाबानोला तो आवाज ओळखीचा होता. अमरावतीहून आल्याच्या दिवशी "जेवली मी" म्हणाली होती, तो हाच आवाज.

त्यानंतरचे दोन दिवस हुस्नाबानोनं कसे काढले ते तिलाच माहीत. खोलीचं दार बंद होतं. पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे लॅपटॉप चालू आहे, एवढाच धीर. तिसऱ्या दिवशी नमरा नवं चित्र घेऊन बाहेर आली. आरसे होते, पण निवांत. उजव्या भिंतीवरच्या मोठ्या आरशात फक्त फिकट भिंत आणि दिव्यांचा मऊ उजेड. खुर्च्या तीनच. डोळा कुठे अडत नव्हता.

"कसं केलं गं?"

"सोपं असते. प्रत्येक वस्तूपुढं एक टिक असते, आरशात दिसाचं का नाही दिसाचं. खुर्च्यांची काढून टाकली, ट्रॉलीची काढली. दाराचीही काढली. तिथून बाहेरचा उजेड येते नं, आरशात नुसता पांढरा डाग पडून राह्यला होता."

अंजूला चित्र इतकं आवडलं की तिनं ते मोबाइलच्या पडद्यावर लावलं. हेमसिंगनं मोजलं, "तीन. आता बरोबर." सुतारानं चित्रावरून आडोसा उभा केला. युनूसच्या दुकानात सात बाय चारचा आरसा कापायला मोठी काच येऊन पडली. नमरा त्या आठवड्यात दोनदा स्वतःहून बाजारात गेली. हुस्नाबानोनं कोणाला काही सांगितलं नाही. बोलून दाखवलं की नजर लागते, अशी तिची समजूत होती.

मग आला तो मंगळवार. हुस्नाबानोला मालेगावला जायचं होतंच, अंजूनं बोलावलं होतं. निघताना युनूसनं हातात आरशाचा दीड फुटाचा एक तुकडा दिला, कडा चिकटपट्टीनं बांधलेला. "उजव्या भिंतीवर हा फिरवून पाह्य. दिसणारं वाकडंतिकडं झालं तर भिंत फुगली हाये समज. सरळ असन तर उद्या सकाळी कटिंग लावतो. एकदा कापला का मंग माह्या हातात काही नाही."

गाळ्यात नवीन लाकडाचा वास होता. अंजूनं तुकडा भिंतीला धरला. हुस्नाबानोनं प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि समोर, जिथे तिसरी खुर्ची येणार होती तिथे बसली. उकाडा होता. तिनं ओढणी मागे सारली, मानेचा घाम पुसला. "जरा पुढं घे... आता थोडं दाराकडं... सरळ दिसते, आणखी सरकव..."

अंजूनं तुकडा आणखी हातभर सरकवला, आणि हुस्नाबानोला आरशात रस्ता दिसला.

आडोशाच्या कडेवरून, दारातून, पलीकडची पानटपरी. टपरीपुढे मोटारसायकलवर बसलेला एक माणूस. तो गुटख्याची पुडी फाडत होता. फाडता फाडता त्यानं वर बघितलं आणि त्याचे डोळे सरळ हुस्नाबानोच्या डोळ्यांना भिडले. तिचा हात आपोआप ओढणीकडे गेला. माणूस वाईट नव्हता, त्यानंच बिचाऱ्यानं मान फिरवली. पण तिनं त्याला पाहिलं होतं, म्हणजे त्यानंही तिला पाहिलं होतं. आरशाचा कायदाच तसा आहे. ज्या वाटेनं आपली नजर जाते त्याच वाटेनं समोरच्याची येते.

आणि हा तर दीड फुटाचा तुकडा. इथे सात फुटांचा आरसा लागणार होता. खुर्चीत डोकं मागे टाकून बसलेली बाई, नकाब खुंटीला, केसांना रंग, आणि टपरीवर उभे चार जण. आडोसा उभा करूनही उपयोग नाही; आडोशामागचं सगळं आरसा रस्त्याला दाखवणार. पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी भावाला, दिराला हे कळेल, आणि मालेगावातली एकही बाई अंजूच्या पायरीवर पाय ठेवणार नाही.

नमराच्या चित्रात हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण दाराची टिक काढलेली होती.

"काय झालं आपा? भिंत फुगली हाये का?"

"नाही," हुस्नाबानो म्हणाली. "भिंत सरळ हाये."

परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली, पण शिरपूर कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही. सांगायचं कसं? पोरगी आत्ता कुठे जेवताना दोन शब्द बोलायला लागली होती. अकरा खुर्च्यांवर लोक हसले म्हणून तिनं टिकच्या खुणा काढल्या. आता ही चूक सांगितली तर ती काय काढून टाकेल? हुस्नाबानोच्या मनात सतरा वाटा आल्या. युनूसला सांगावं की आरसा तडकला म्हण. अंजूला सांगावं की पडदाच लाव. दारालाच काळी काच बसवावी. प्रत्येक वाटेत नमराला काही कळणार नव्हतं, आणि प्रत्येक वाटेत चित्र तसंच खोटं राहणार होतं. नमरा ते चित्र पुढच्या कामासाठी कोणालातरी दाखवणार, तो पुन्हा तसंच बांधणार.

घरी आल्यावर ती युनूसला एवढंच म्हणाली, "उद्या कापू नका. एक दिवस थांबा."

"काहून? भिंत फुगली?"

"थांबा म्हटलं नं."

युनूसनं बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

सकाळी नमरा अंगणात केस मोकळे करून बसली होती. हुस्नाबानो तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसली. पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं. केसांचे भाग पाडत तिनं सगळं सांगितलं. तुकडा, रस्ता, टपरी, त्या माणसाचे डोळे. बोलता बोलता ती जास्तच जोरानं तेल चोळत होती.

नमरा म्हणाली, "कवा कळलं तुले हे?"

"काल दुपारी."

"मंग काल काहून नाही सांगितलं?"

"तू... म्हटलं आत्ताच कुठं तू..."

"मी काय?" नमरा गर्रकन वळली. वाटी कलंडली आणि तेल फरशीवर पसरलं. "बोल नं. मी काय? मागच्या आठवड्यात मी पोह्यांत दोनदा मीठ टाकलं. मी स्वतः खाल्लं तवा मले थूकू वाटलं. अब्बानं दोन प्लेटा खाल्ल्या! वर म्हणतात, मस्त झाले बेटा. त्या सरांनी चाळीस लोकांसमोर चूक सांगितली, आन् तुमी दोघं घरातही सांगत नाही. मंग मले कळन कसं?"

गेल्या चौदा महिन्यांत ती इतकं सलग बोलली नव्हती. हुस्नाबानोनं कलंडलेली वाटी सरळ केली.

"पोहे लय खारट होते," ती म्हणाली.

"माहीत हाये!"

"आन् तुह्या अब्बानं त्या दिवशी दोन तांबे पाणी पेलं."

नमराच्या तोंडाचा कोपरा हलला. रडू होतं की हसू, ते हुस्नाबानोला ठरवता आलं नाही; बहुतेक दोन्ही होतं. मग नमरानं तेलकट केसांचा तसाच अंबाडा बांधला आणि आत गेली. हुस्नाबानो फरशी पुसत राहिली. दार बंद झाल्याचा आवाज आला नाही.

"अम्मी, ये इकडं," आतून हाक आली. "तू बसली होती ती जागा दाखव."

पडद्यावर गाळा उघडा होता. नमरानं एकेक टिक परत लावली. खुर्ची. ट्रॉली. दार. मग तिनं दाराबाहेर आधी नसलेला रस्ताही आखला आणि पलीकडे टपरीच्या जागी एक ठोकळा ठेवला. ठिपके दाट होत गेले तसा उजव्या आरशात तो ठोकळा उगवला, जसा काल तो माणूस दिसला होता तसा. खुर्च्यांची रांगही परत आली, आत आत जाणारी, लहान लहान होत जाणारी. हेमसिंगनं मोजलेली.

"माह्यं पहिलंच चित्र खरं होतं," नमरा हळूच म्हणाली. "त्यानं बरोबर सांगितलं होतं. मीच त्याचं तोंड बंद केलं."

"मंग आता?"

"आता दुखणंच काढू. समोरासमोर आरसे हायेत म्हून हे सगळं हाये. उजवा आरसाच नको."

"पण मागचे केस? अंजू म्हणते बाईले मागून दिसलं पाह्यजे."

हुस्नाबानो हे बोलली आणि स्वतःच थांबली. बावीस वर्षं तिनं मागचे केस कसे दाखवले होते? हातात गोल आरसा धरून, बाईच्या डोक्यामागे, थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. बायांना तेच आवडायचं. कोणीतरी आपल्यासाठी आरसा धरून उभं आहे याचं एक वेगळंच सुख असतं. तिनं ते नमराला सांगितलं.

"आन् गाळा मोठा कसा वाटन?" आता हुस्नाबानोच परीक्षकासारखी विचारत होती, आणि नमरा उत्तरं देत होती. उजवी भिंत फिकट पिस्ता, चमक नसलेली. डावीकडे सलग आरसा नाही, प्रत्येक खुर्चीपुढे दोन फुटांचा उभा आरसा, दोन्ही बाजूंना उभे दिवे. त्या दिव्यांचा उजेड समोरच्या पिस्ता भिंतीवर पडून सगळा गाळा उजळेल. चित्र काढताना नजर बरोबर खुर्चीच्या पाठीमागे ठेवायची, म्हणजे प्रत्येक खुर्चीचं आरशातलं रूप त्या खुर्चीच्याच आड लपतं; काही खोडावं लागत नाही.

दुपारी चित्र झालं. त्यासोबत नमरानं आणखी दोन चित्रं काढली. एक, टपरीपाशी उभ्या माणसाला काय दिसेल; दुसरं, मोटारसायकलवर बसलेल्याला काय दिसेल. दोन्हींत लाकडी आडोसा आणि पिस्ता भिंतीची एक पट्टी, बस.

मग तिनं फोन उचलला. हुस्नाबानो म्हणणारच होती की मी बोलते अंजूशी, पण ओठ मिटून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"अंजूताई, नमरा बोलून राह्यली. मी जे चित्र देल्लं नं, ते चुकलं होतं... नाही, सुताराचं बरोबर हाये. आरशाचं चुकलं. माह्यं चुकलं." पलीकडून अंजू काहीतरी भराभर बोलत होती. नमराचे कान लाल झाले होते, पण ती खाली बसली नाही. "हो. मी दरवाजा लपवला होता. आता खरं काढलं. अम्मीनं बसून पाह्यलं म्हून कळलं. उद्या दाखवाले येते मी. मीच येते."

संध्याकाळी युनूसला कळलं की सात बाय चारचा आरसा लागत नाही. "वा बेटी," तो म्हणाला, "काचवाल्याच्या घरात जन्म घेतला आन् पहिला आरसाच रद्द केला." बोलून झाल्यावर त्यानं घाबरून हुस्नाबानोकडे बघितलं.

"बोला, बोला," नमरा म्हणाली. "आन् पोह्यांचंही बोला."

"पोहे?" युनूस म्हणाला. "पोह्यांचं नको विचारू. मी आजूनही पाणी पिऊन राह्यलो."

तीन उभे आरसे कापून, कडा घासून पंधरा दिवसांनी मालेगावला लागले. दिवे लागले. हेमसिंग दारात उभा राहून एकदा चित्रातल्या आणि एकदा गाळ्यातल्या खुर्च्या मोजून गेला, आणि हिशेब जुळल्याचं त्यानं सुताराला मोठ्यानं सांगितलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नमरा म्हणाली, "आता खरी परीक्षा. अम्मी, तू रस्त्यावर जा. टपरीपाशी उभी राह्य आन् आत पाह्य. मी खुर्चीत बसते."

"मी बसते नं आत, तू जा बाहेर."

"नाही. तुह्ये डोळे चांगले हायेत. तुले सगळं दिसते."

हुस्नाबानो रस्ता ओलांडून पलीकडे गेली. ऊन होतं. ट्रॅक्टर, जीप, शाळेतून सुटलेली पोरं मध्ये मध्ये येत होती. ती टपरीपाशी उभी राहिली आणि दारातून आत बघायला लागली. आडोसा. पिस्ता भिंतीची पट्टी. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. वाकली. एका उभ्या मोटारसायकलच्या सीटइतकी खाली होऊन तिनं मान लांब केली.

टपरीवाला बघत होता. "काय हरपलं चाची?"

"काही नाही बावा. पोरगी आत हाये. दिसते का पाहून राह्यली."

टपरीवाल्यानंही मान वाकवली. "नाही दिसत."

"दिसते का?" आतून नमराचा आवाज आला.

हुस्नाबानोनं आणखी एकदा नीट पाहिलं. चौदा महिने तिनं या पोरीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. आता दहा पावलांवर ती बसली होती आणि तिचा केससुद्धा दिसत नव्हता.

"नाही!" तिनं रस्त्यावरून ओरडून सांगितलं. "अजिबात नाही दिसत!"

"थांब, हलू नको! आता मधल्या खुर्चीवर बसते!"

आत अंजू काहीतरी म्हणाली आणि नमरा मोठ्यानं हसली. हुस्नाबानोनं डोक्यावरची ओढणी पुढे घेऊन डोळ्यांवर सावली केली आणि सांगितलं होतं तशी, न हलता, तिथेच उभी राहिली.